या वर्षाचा खर्च आणि आजवरची सरासरी: पिकअप कोणत्या वर्षी विकावी?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती नाहीतर तासगावहून बेदाण्याचे बॉक्स आणणाऱ्या पिकअपवाल्यांना गाडी कधी विकायची हे विचारलं, की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो, "चौथ्या वर्षी खर्च चढायला लागतो, त्याआधीच देऊन टाकायची." दुसरा म्हणतो, "हप्ते फिटले की खरी कमाई सुरू होते, चालेल तेवढी चालवायची." बोलतात दोघंही खर्चाबद्दलच. पण पहिल्याच्या डोक्यात त्या एका वर्षाचा खर्च असतो, आणि दुसरा तर खर्चाचा अर्धा भाग धरतच नाही. गाडी बदलायचं वय ज्या आकड्यावरून ठरतं तो वेगळाच आहे: गाडी घेतल्यापासून आजवर दर वर्षाला सरासरी किती पडले.

हे दोन आकडे समोरासमोर ठेवू. नवी पिकअप रस्त्यावर आली तेव्हा ९ लाख पडले, असं समजू. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. तुमच्या गाडीचे वेगळे असतील, पण त्यांचा चढ-उतार साधारण असाच असतो. सगळे आकडे हजार रुपयांत आहेत.

| वर्ष | त्या वर्षीची दुरुस्ती | वर्षअखेर बाजारभाव | त्या वर्षाचा खर्च | आजवरची वार्षिक सरासरी |
|---|---|---|---|---|
| १ | ३० | ७२० | २१० | २१०.० |
| २ | ४५ | ६०० | १६५ | १८७.५ |
| ३ | ६० | ५०० | १६० | १७८.३ |
| ४ | ९० | ४२० | १७० | १७६.३ |
| ५ | ११५ | ३६० | १७५ | १७६.० |
| ६ | १५० | ३१० | २०० | १८०.० |
| ७ | १९५ | २७० | २३५ | १८७.९ |
| ८ | २५० | २४० | २८० | १९९.४ |

'त्या वर्षाचा खर्च' या रकान्यात दोन गोष्टींची बेरीज आहे: गॅरेजला दिलेले पैसे आणि वर्षभरात गाडीचा उतरलेला भाव. पहिल्या वर्षी गॅरेजला फक्त ३० हजार गेले, पण भाव ९ लाखांवरून ७ लाख २० हजारांवर आला. म्हणजे १ लाख ८० हजार कुणाच्या हातात न देताही गेलेच. पुढे भाव उतरण्याचा वेग मंदावतो आणि गॅरेजचं बिल चढत जातं. या दोघांच्या ओढाताणीत वर्षाचा खर्च आधी खाली येतो आणि मग वर जातो.

सरासरी काढायची ती अशी: खरेदीतून आजचा बाजारभाव वजा करा, त्यात आजवरची सगळी दुरुस्ती मिळवा आणि वर्षांच्या संख्येने भागा. पाच वर्षांसाठी बघा. ९ लाखांतून ३ लाख ६० हजार गेले की ५ लाख ४० हजार राहतात. दुरुस्तीची बेरीज ३ लाख ४० हजार. दोन्ही मिळून ८ लाख ८० हजार, भागिले पाच, म्हणजे वर्षाला १ लाख ७६ हजार. तक्त्यात याहून कमी सरासरी कुठेच नाही. या गाडीचं विकायचं वय पाच वर्षं.

आता गोंधळ कुठे होतो ते बघा. वर्षाचा खर्च सगळ्यांत कमी आहे तिसऱ्या वर्षी, १ लाख ६० हजार. चौथ्या वर्षी तो १० हजारांनी वाढतो, आणि आपला पहिला पिकअपवाला इथेच गाडी काढायला निघतो. पण चौथ्या वर्षाचे १ लाख ७० हजार हे तोवरच्या सरासरीपेक्षा, म्हणजे १ लाख ७८ हजारांपेक्षा, अजून कमीच आहेत. सरासरी ५० असलेल्या फलंदाजाने एका डावात ३० आणि पुढच्या डावात ४० केल्या, तर दुसरा डाव आधीच्यापेक्षा बरा असूनही सरासरी घसरतेच. इथेही तसंच आहे, फक्त गाडीच्या बाबतीत घसरलेली सरासरी आपल्याला हवीच असते. वर्षाचा खर्च वाढला तरी तो सरासरीच्या खाली आहे तोवर सरासरीला खालीच ओढतो. ज्या वर्षी तो सरासरीला ओलांडतो, त्याच वर्षापासून सरासरी चढू लागते. आपल्या गाडीचा सहाव्या वर्षाचा खर्च २ लाख, आणि पाच वर्षांची सरासरी १ लाख ७६ हजार. म्हणून सहावं वर्ष सुरू होण्याआधी विकायची.

तिसऱ्या वर्षी विकून प्रत्येक वेळी नवी घेत राहिलं, तर वर्षाला १ लाख ७८ हजार ३०० पडतात. म्हणजे या घाईचा भुर्दंड वर्षाला दोन-अडीच हजारांचाच. दुसऱ्या वर्षी विकणाऱ्याला मात्र तो साडेअकरा हजार बसतो, कारण नव्या गाडीचा भाव सगळ्यांत जोरात उतरतो ती वर्षं त्याच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतात.

दुसऱ्या पिकअपवाल्याची चूक उलट्या बाजूची आहे. हप्ते संपले की गाडी फुकट चालते असं त्याला वाटतं, कारण खिशातून जातं ते फक्त गॅरेजला. पण हप्ता हा कर्ज फेडण्याचा हिशोब आहे, गाडी झिजण्याचा नव्हे. हप्ते फिटल्यावरही दर वर्षी भाव उतरतच असतो. हा भाव हिशोबातून वगळला, म्हणजे ९ लाख पूर्ण बुडाले असं धरलं, तर त्याच तक्त्यातली सरासरी सातव्या वर्षी सगळ्यांत कमी येते, सुमारे २ लाख २६ हजार. म्हणून त्याला वाटतं, सात वर्षं वापरणं बरोबरच आहे. दुरुस्तीचे आकडे तेच, गाडी तीच, फक्त विकून येणारे पैसे विसरल्यामुळे वय दोन वर्षांनी वाढलं.

डिझेल, ड्रायव्हरचा पगार, टोल हे मी मुद्दामच धरलेलं नाही. गाडी नवी असो वा जुनी, जो खर्च दर वर्षी तेवढाच होतो, तो मिळवल्याने सरासरीचा आकडा वाढतो, पण ती कोणत्या वर्षी सगळ्यांत कमी आहे हे बदलत नाही. वयाबरोबर वाढणारा खर्च मात्र शोधून शोधून धरायला हवा. ॲव्हरेज कमी झाल्यामुळे लागणारं जादा डिझेल त्यात येतं. ऐन द्राक्षाच्या हंगामात गाडी गॅरेजमध्ये अडकली आणि माल भाड्याच्या गाडीने पाठवावा लागला, तर ते भाडंही त्यातच येतं. टायरचं उलट आहे. चारही टायर एकदम बदलले की ते वर्ष महाग दिसतं आणि सरासरी ओलांडल्याचा भास होतो. तो खर्च टायर जितकी वर्षं टिकतात तितक्या वर्षांत वाटून लिहावा.

इथवर आपण नवी गाडी घेऊन सुरुवात करणाऱ्याचा विचार केला. गाडी आधीच दारात उभी असेल, तर प्रश्न थोडा बदलतो. पुढच्या वर्षाच्या खर्चाची तुलना मग तिच्या स्वतःच्या सरासरीशी करायची नाही. तुम्ही ती घासाघीस करून स्वस्तात घेतलीत की महागात, हे आता संपलं. तुलना करायची ती जी नवी घेणार आहात तिच्या सगळ्यांत कमी सरासरीशी. तीच गाडी त्याच किमतीत मिळत असेल तर दोन्ही तुलनांचं उत्तर एकच येतं. पण नव्या गाड्या महागल्या आणि नवीची सगळ्यांत कमी सरासरी २ लाख १० हजारांवर गेली असं धरा. मग दारातली गाडी सहावं वर्षही चालवणं परवडतं, कारण तिचे पडतात २ लाखच. सातव्या वर्षाचे २ लाख ३५ हजार परवडत नाहीत. जुन्या गाडीची स्वतःची सरासरी तेव्हाही १ लाख ८० हजारच दाखवत असते, आणि तिच्याकडे बघून काहीच ठरवता येत नाही.

यातली खरी कसोटी लागते ती इंजिनाच्या कामाच्या वेळी. गाडीला सहा वर्षं झाली, नवी अजून ९ लाखांनाच मिळते. गाडी धूर मारते, ऑइल खाते, मिस्त्री म्हणतो इंजिन खोलावं लागेल, ८० हजार लागतील. तक्त्यातली सातव्या वर्षाची १ लाख ९५ हजारांची दुरुस्ती हा खर्च धरूनच आहे. तक्ता सांगतो, सातव्या वर्षाला २ लाख ३५ हजार, नवीला १ लाख ७६ हजार, तेव्हा विका. पण तक्त्यातला ३ लाख १० हजारांचा भाव ठीक चालणाऱ्या गाडीचा आहे. धूर बघून एजंट त्यातले ६० हजार कापणार आणि अडीच लाख देणार. मग ठेवण्याचा हिशोब असा होतो: आज मिळणारे अडीच लाख सोडले, १ लाख ९५ हजार दुरुस्तीला घातले, वर्षअखेर २ लाख ७० हजारांची गाडी हातात. खर्च १ लाख ७५ हजार. नवीच्या सरासरीपेक्षा हजाराने कमी, म्हणजे बरोबरीच. एजंटने ३० हजारच कापले असते, तर हाच आकडा २ लाख ५ हजार झाला असता आणि विकणं शहाणपणाचं ठरलं असतं. म्हणून बाजारभाव विचारायचा तो गाडी आज आहे त्या अवस्थेतला, आणि इंजिन खोलण्याआधी. एकदा ८० हजार घालून बसलात, की सातव्या वर्षात उरते १ लाख १५ हजारांची दुरुस्ती आणि ४० हजारांची घट. ते १ लाख ५५ हजार नवीपेक्षा स्वस्तच पडतात, आणि त्या वर्षी गाडी ठेवणंच योग्य ठरतं. "एवढा खर्च केला, आता कशी विकू?" म्हणणाऱ्याचं उत्तर बरोबर असतं, कारण मात्र चुकीचं असतं. घातलेले पैसे वसूल करायचे म्हणून नव्हे, पुढचं वर्ष आता स्वस्त आहे म्हणून ठेवायची.

शेवटी तक्त्यातला चौथ्या ते सहाव्या वर्षाचा पट्टा परत बघा: १७६.३, १७६, १८०. चौथ्या आणि पाचव्या वर्षात वर्षाला अडीचशे रुपयांचा फरक, आणि सहाव्यापर्यंत ओढली तरी चार हजारांचा. दुरुस्तीचे अंदाज याहून जास्त चुकतात, त्यामुळे पाच वर्षं म्हणजे पाचच असं धरून बसण्यात अर्थ नाही. या पट्ट्यातला नेमका महिना दुसऱ्या गोष्टींवरून ठरवता येतो. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी असतं आणि पुढे दरवर्षी. पासिंग संपत आलेल्या गाडीसाठी घेणारा भाव पाडून मागतो, म्हणून ते होऊन वर्षभर बाकी असताना विकलेली बरी. आणि मे महिन्यात हळद-द्राक्षांची धांदल ओसरल्यावर जुनी देऊन नवी बुक केली, तर गाडी हातात नाही ते दिवस पावसाळ्यात जातात, हंगामात नाही.