पृथ्वीची वक्रता आणि k-फॅक्टर: टॉवरची उंची नक्की कोण ठरवतं?

लांब मायक्रोवेव्ह हॉपचं, म्हणजे दोन टॉवरमधल्या थेट रेडिओ दुव्याखालच्या जमिनीचं, प्रोफाइल तपासताना मला एक चूक वारंवार दिसते. कोणी पृथ्वीचा फुगवटा धरतो आणि हवेमुळे किरण किती वाकतो ते सांगणारा k धरायचा राहतो, तर कोणी दोन्हींची बेरीज करतो. खरं तर हे दोन वेगळे फुगवटे नाहीतच.

वक्रता ही भूमितीची गोष्ट आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी, आणि ती हवामानाप्रमाणे बदलत नाही. k मात्र हवेचा आहे. हवा वर जाईल तशी विरळ होते, म्हणून रेडिओ किरण सहसा किंचित खाली वाकतो. वाकडा किरण काढत बसण्यापेक्षा आपण किरण सरळ ठेवतो आणि पृथ्वीच तेवढी सपाट मानतो. ही मानलेली त्रिज्या म्हणजे खरी त्रिज्या गुणिले k. नेहमीच्या हवेत k साधारण ४/३ असतो, म्हणजे ८,५०० किमीच्या आसपास. जमिनीलगतची हवा वर जाईल तशी किरणाच्या दृष्टीने विरळ होण्याऐवजी दाट होऊ लागली की किरण वर वाकतो, k एकाच्या खाली येतो आणि मधला डोंगर जणू वर उचलला जातो.

सूत्र एकच आहे (d1 आणि d2 ही अडथळ्यापासून दोन टोकांपर्यंतची अंतरं किलोमीटरमध्ये, उत्तर मीटरमध्ये):

```
h = d1 * d2 / (12.75 * k)
```

k = १ ठेवला की नुसती वक्रता मिळते. k बदलला की हवेसकट फुगवटा मिळतो, आणि वक्रता त्यात आधीच आलेली असते. नकाशातल्या उंच्या समुद्रसपाटीपासूनच्या असतात, त्यांत फुगवटा नसतो, म्हणून तो मिळवावा लागतो, पण एकदाच. प्रोफाइल ४/३ च्या वक्र आलेखावर काढलेलं असेल तर तो त्यात आलेलाच आहे. आधी हे बघा.

आता ५० किमीचा, ७ गिगाहर्ट्झचा एक हॉप घेऊ. दोन्ही टोकांची जमीन ६०० मीटरवर आहे आणि दोन्हीकडे टॉवर सारखेच उंच ठेवायचे आहेत. पहिल्या टोकापासून १० किमीवर ५८० मीटरची धार आहे, बरोबर मध्यावर ५६० मीटरची. झाडांची उंची यात धरली आहे. सिग्नल नीट पोहोचायला किरणाभोवती जी जागा मोकळी लागते ती पहिल्या फ्रेनेल झोनवरून मोजतात; त्याची त्रिज्या जवळच्या धारेवर १८.५ मीटर येते, मधल्या धारेवर २३.१.

k = ४/३ आणि पूर्ण फ्रेनेल त्रिज्या मोकळी ठेवली तर जवळची धार २२ मीटरचा टॉवर मागते आणि मधली २०. म्हणजे जवळची धार निर्णायक. नुसती वक्रता धरून ०.६ त्रिज्या मोकळी ठेवली तरी उत्तर २३ मीटर येतं. दोन वाटांनी जवळपास एकच आकडा आला की माणूस निर्धास्त होतो, आणि घात इथेच होतो.

आता k = २/३ घ्या आणि ०.६ त्रिज्या मोकळी ठेवा. जवळच्या धारेवरचा फुगवटा ४७ मीटर होतो, मधल्या धारेवरचा ७३.५. जवळची धार ३८ मीटर मागते, मधली ४७. निर्णायक धारच बदलली! फुगवटा d1 आणि d2 च्या गुणाकारावर चालतो, म्हणून k घसरला की मध्याजवळचा अडथळा सर्वांत जास्त वर येतो. डोंगराळ हॉपवर फक्त सर्वांत अडचणीची दिसणारी धार तपासणं म्हणूनच चुकीचं. प्रत्येक धार दोन्ही k वर तपासा. बेरीज करणारा मात्र मधल्या धारेसाठी k = १ चे ४९ आणि k = ४/३ चे ३७ असे दोन्ही मीटर मिळवून, पूर्ण फ्रेनेल त्रिज्या मोकळी ठेवत ६९ मीटरचा टॉवर मागेल. जादा उंची निरुपद्रवी असते असंही नाही, कारण धारेआड लपलेला पाण्याचा पृष्ठभाग उघडा पडून परावर्तन सुरू होऊ शकतं.

२/३ हा कडक आकडा आहे. एवढ्या लांब पट्ट्यावर सगळीकडे एकाच वेळी हवा तितकी बिघडणं कठीण, म्हणून अंतर वाढेल तसा किमान k वाढतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची P.530 शिफारसही अंतरानुसार किमान k देते. k = ०.८ धरला तर आपला टॉवर ३५ मीटरवर येतो. जागेची मोजमापं हाताशी असतील तर हा आकडा जास्त प्रामाणिक.

२३ मीटरवरच थांबलो तर काय होईल? k = २/३ झाला की मधली धार किरणाच्या साडेदहा मीटर वर येईल. धार धारदार असेल तर सुमारे ११ डेसिबल जातील, गोलसर, पसरट असेल तर १९ च्या आसपास. जवळची धारही चार मीटरने आड येईल, ते वेगळंच.

अशी घट सिग्नलच्या नोंदीत ओळखता येते. पातळी हळूहळू खाली येते आणि तासन्‌तास तशीच राहते, दोन्ही दिशांना आणि सगळ्या चॅनेलवर जवळपास सारखीच. मल्टिपाथमध्ये, म्हणजे एकच सिग्नल अनेक वाटांनी येऊन आपसात भिडतो तेव्हा, ती भराभर खालीवर होते, एक चॅनेल बुडतो आणि शेजारचा ठीक असतो. तिथे दुसरा ॲन्टेना खाली लावून डायव्हर्सिटी घेतली, म्हणजे दोन्हींपैकी चांगला सिग्नल वापरला, की फरक पडतो. k घसरल्यामुळे आलेल्या अडथळ्यात तो खालचा ॲन्टेना आणखीच झाकला जातो.