k−1 मधला तो एक: गॅमा वितरणाच्या आकार-प्राचलाची पार्श्वभूमी

पुढच्या आगमनाची वाट पाहण्याचा काळ घातांकी वितरणाचा असेल, तर k आगमनांसाठी असे k स्वतंत्र काळ एकापुढे एक जोडायचे. बेरजेला जे वितरण येतं ते गॅमा, आणि त्याचा आकार-प्राचल म्हणजे हा k. आज हे पहिल्याच तासाला सांगून होतं. इतिहासात मात्र वक्र आधी आला आणि त्यातल्या k चा 'आगमनांची संख्या' हा अर्थ बराच नंतर रुळला.

1890 च्या दशकात इंग्लंडमध्ये एका बाजूला झुकलेल्या आकडेवारीसाठी वक्रांचं एक कुटुंब मांडलं गेलं. त्यातला तिसरा प्रकार म्हणजे आजचं गॅमा वितरण. तिथे आकार-प्राचल ही आकडेवारीला वक्र नीट बसावा म्हणून काढलेली संख्या होती. ती पूर्णांक असावी अशी अपेक्षाच नव्हती. 1900 मध्ये काय-वर्ग कसोटी आली. तिचं वितरणही गॅमाच, फक्त आकार-प्राचल स्वातंत्र्य-मात्रांच्या निम्मा. म्हणजे दोन वर्ग मिळून एक घातांकी काळ होतो आणि एकटा वर्ग 'अर्धं आगमन' ठरतो. तेव्हा असं कुणी म्हणत नव्हतं, कारण वाट पाहणं हा त्या कामाचा विषयच नव्हता.

तो विषय झाला टेलिफोनमुळे. 1909 मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एका गणितज्ञ-अभियंत्याने दाखवलं, की यादृच्छिकपणे येणारे कॉल पॉइझनचा नियम पाळतात. तिथून आपल्या वितरणापर्यंत एकच पाऊल उरतं, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल तेच. k वा कॉल t पर्यंत आलेला नाही, याचा अर्थ t पर्यंत आलेले कॉल k−1 किंवा त्याहून कमी आहेत. एकच घटना, एकदा घड्याळाकडे पाहून सांगितलेली आणि एकदा मोजणीकडे पाहून:

```
P(T_k > t) = P(N(t) ≤ k−1)
```

उजवी बाजू पॉइझनची बेरीज आहे. तिचं t बद्दल अवकलन केलं की लागोपाठची पदं एकमेकांना खोडत जातात आणि शेवटी एकच पद उरतं:

```
f(t) = λ · e^(−λt) · (λt)^(k−1) / (k−1)!
```

इथे थोडं थांबायला हवं, कारण शिकणाऱ्याला सर्वांत जास्त अडतं ते याच जागी. आगमनं k आहेत, मग घातांक k−1 का? छेदात (k−1)! का? नेहमीचं उत्तर असं, की गॅमा फलनाची व्याख्याच तशी आहे, Γ(k) म्हणजे (k−1)!, आणि ती सवय सोसायची.

या सवयीला मोठा इतिहास आहे. 1729-30 मध्ये क्रमगुणिताला पूर्णांकांच्या पलीकडे नेणारं संकलन सापडलं तेव्हा ते थेट n! देत होतं, मध्ये एकाचा फरक नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका फ्रेंच गणितज्ञाने Γ हे चिन्ह आणलं आणि त्याबरोबर एकाने सरकलेली व्याख्याही. त्याच सुमारास एका जर्मन गणितज्ञाने Π(n) = n! ही न सरकवलेली खूण वापरली. ती सोपी होती, तरी मागे पडली. पुढच्या अनेकांनी या सरकवण्याला विनाकारण घातलेला घोळ म्हटलं आहे. क्रमगुणितापुरतं पाहिलं तर त्यांची तक्रार मला पटते.

पण वाट पाहण्याच्या गणितात तो 'एक' खरोखर काहीतरी सांगतो. वरच्या सूत्राचे दोन तुकडे करून वाचा. e^(−λt)(λt)^(k−1)/(k−1)! म्हणजे t पर्यंतच्या काळात नेमकी k−1 आगमनं होऊन गेल्याची प्रायिकता. पुढचा λ म्हणजे नेमक्या t या क्षणी आणखी एक येण्याचा दर. k−1 पोटात आणि k वा दारात, एवढंच सूत्र म्हणतं. शेवटच्या आगमनाची जागा t वर बांधलेली आहे, मोकळेपणाने कुठेही पडू शकतात ती आधीची k−1. म्हणून घातांक त्यांचा, आणि त्यांच्या आपसातल्या क्रमाला अर्थ नाही म्हणून क्रमगुणितही त्यांचंच. सरकवण्याचा निर्णय ज्या कारणाने झाला असेल ते असो, गॅमा वितरणात Γ(k) नेमका जागेवर बसतो. Π घेतला असता तर इथे Π(k−1) लिहावं लागलं असतं आणि तोच 'एक' दुसऱ्या दाराने आत आला असता.

आकार-प्राचल म्हणजे मोजलेली आगमनं, हे अक्षरशः यंत्रात उतरलं ते किरणोत्साराच्या मोजणीत. 1910 साली मँचेस्टरमध्ये पोलोनियममधून निघणाऱ्या अल्फा कणांच्या ठिणग्या साडेसात सेकंदांच्या 2608 कालखंडांत डोळ्यांनी मोजल्या गेल्या. एकूण 10,097 कण, म्हणजे कालखंडामागे सरासरी 3.87, आणि आकडे पॉइझनशी छान जुळले. सेकंदाला अर्धा कण हा वेग डोळ्याला झेपतो. पुढे विद्युत गणक आले, वेग वाढला, आणि आकडा पुढे सरकवणारं यांत्रिक नोंदयंत्र मागे पडू लागलं.

त्याची अडचण आकड्यांत पाहू. सेकंदाला सरासरी 50 स्पंद येतात आणि एका नोंदीनंतर यंत्राला सावरायला 0.02 सेकंद लागतात असं धरू. सरासरी अंतरही 0.02 सेकंदच आहे, त्यामुळे प्रथमदर्शनी वाटतं की यंत्र कसंबसं पुरं पडेल. पण घातांकी काळाची गर्दी शून्याजवळ असते. पुढचा स्पंद 0.02 सेकंदांच्या आत येण्याची प्रायिकता 1 − 1/e, म्हणजे 63 टक्के आहे.

1932 मध्ये केंब्रिजमध्ये यावर 'दोनाचा गणक' हा उपाय प्रसिद्ध झाला. थायरॅट्रॉन या वायू भरलेल्या नळ्यांची जोडी घ्यायची आणि एका वेळी त्यांतली एकच पेटलेली ठेवायची. प्रत्येक स्पंदाला पेटलेली विझते, विझलेली पेटते, आणि दर दुसरा स्पंद तेवढा पुढे जातो. अशा तीन जोड्या ओळीने लावल्या की दर आठवा स्पंद नोंदयंत्राकडे पोचतो. दोन नोंदींमधला काळ आता आठ घातांकी काळांची बेरीज आहे, म्हणजे k = 8 चं गॅमा वितरण. ते 0.02 सेकंदांहून कमी असण्यासाठी तेवढ्यात किमान आठ स्पंद यायला हवेत, आणि अपेक्षा तर एकाची आहे. एका जोडीने 63 चे 26 टक्के होतात, दोन जोड्यांनी 1.9 टक्के, आणि तीन जोड्यांनी लाखात साधारण एक. दर आठपट कमी झाला हा या फायद्याचा लहान भाग. मोठा भाग असा, की बेरजेमुळे शून्याजवळची गर्दीच नाहीशी झाली. घनतेतला t^7 तो हाच.

हा आकडा आज एका ओळीत पडताळता येतो:

```r
pgamma(0.02, shape = 8, rate = 50)
# 1.02492e-05
```

इथे rate हा शब्द लिहिलाच पाहिजे. काही प्रणाली दुसरा प्राचल दर मानतात, काही त्याचा व्यस्त, म्हणजे एका आगमनाची सरासरी वाट. NumPy च्या gamma मध्ये दुसऱ्या जागी scale असतो. तिथे 50 दिले तर सरासरी 0.16 सेकंदांऐवजी 400 सेकंद येते. म्हणून आधी सरासरी छापून पाहावी, चूक लगेच उघडी पडते.

आठच्या गणकातून एक तपासणीही फुकटात मिळते. नोंदींमधल्या अंतरांचं प्रमाण विचलन भागिले सरासरी हे 1/√8, म्हणजे सुमारे 0.35 यायला हवं. ते जास्त आलं तर स्रोताचा दर स्थिर नाही. कमी आलं तर गणकाच्या आधीची शोधकनळीच जवळजवळचे स्पंद गिळते आहे, आणि तो तोटा पुढच्या कुठल्याही जोड्यांनी भरून निघत नाही.

इथपर्यंत k खरा आहे, बोट ठेवून दाखवता येतो. टेलिफोनच्या कामातून निघालेली दुसरी वाट वेगळी होती. कॉल किती वेळ चालतो ते घातांकी नसेल, तर तो k काल्पनिक घातांकी टप्प्यांतून जातो असं मानायचं आणि गणित सोडवायचं. पूर्णांक k चं गॅमा वितरण आज अर्लांग वितरण म्हणून ओळखलं जातं ते या परंपरेतून. हे टप्पे कुणी पाहिलेले नसतात, गणिताच्या सोयीसाठी मानलेले असतात. गोंधळ सुरू होतो तो उलट दिशेने गेल्यावर. आकडेवारीतून सरासरीचा वर्ग भागिले प्रचरण काढून k मिळवायचा आणि मग 'प्रक्रियेत इतके टप्पे आहेत' असं म्हणायचं.

समजा खरे टप्पे दोनच आहेत, एकाची सरासरी 1 सेकंद, दुसऱ्याची 3. एकूण सरासरी 4, प्रचरण 1 + 9 = 10, आणि k येतो 16/10, म्हणजे 1.6. इथे 'दीड आगमन' असं काही घडलेलं नाही. दर समान नाहीत, त्यामुळे ही बेरीज मुळात गॅमा नाहीच, आणि 1.6 हा असमानतेचा माग आहे. एकामागून एक येणाऱ्या स्वतंत्र घातांकी टप्प्यांसाठी हा भागाकार खऱ्या संख्येपेक्षा कधीच जास्त येत नाही. सगळे दर समान असतील तेव्हाच तो तिच्याइतका होतो.

1990 च्या दशकात पेशीतल्या कायनेसिन या मोटर-प्रथिनाच्या अभ्यासात हीच राशी उलटी करून वापरली गेली: प्रचरण भागिले सरासरीचा वर्ग. हे प्रथिन 8 नॅनोमीटरची पावलं टाकतं, आणि दोन पावलांमधला काळ हा वाट पाहण्याचा काळ असतो. इंधन, म्हणजे एटीपी, तुटपुंजं असताना ही राशी एकाजवळ येते, कारण इंधनाचा रेणू येण्याची वाट हा एकच संथ टप्पा उरतो. इंधन मुबलक असताना ती निम्म्याच्या आसपास येते. त्यावरून किमान दोन टप्पे आहेत एवढं म्हणता येतं, नेमके दोनच असं नाही. 1, 1 आणि 4 सेकंद सरासरीचे तीन टप्पे घ्या. सरासरी 6, प्रचरण 18, आणि 36/18 म्हणजे बरोबर 2.