निळा कूलंट की हिरवा: इलेक्ट्रिक गाडीत नक्की काय ओतायचं

इलेक्ट्रिक गाडी घेतली की इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि स्पार्क प्लग यांचा खर्च सुटतो. पण बॉनेट उघडलं की कूलंटची टाकी दिसतेच, काही गाड्यांत दोन किंवा तीनही दिसतात. पातळी खाली गेलेली दिसली की आधीच्या पेट्रोल गाडीसाठी आणलेल्या, अर्ध्या उरलेल्या हिरव्या कॅनची आठवण होते. घोळ तिथूनच सुरू होतो.

साधा कूलंट आणि बॅटरीसाठीचा खास कूलंट दिसायला भावंडंच. दोन्हींमध्ये ग्लायकॉल आणि पाणी साधारण निम्मं-निम्मं, दोन्ही हाताला बुळबुळीत, दोन्हींना रंग दिलेला. उष्णता वाहून नेण्यातही फारसा फरक नाही. फरक आहे तो विजेच्या बाबतीत. धातू गंजू नये म्हणून साध्या कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांचे क्षार घातलेले असतात. क्षार विरघळले की आयन सुटतात आणि त्यातून वीज वाहते. खास कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं अशी निवडलेली असतात की आयन जवळपास सुटतच नाहीत, आणि पाणीही पूर्ण क्षारमुक्त केलेलं असतं. विद्युतवाहकता मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर या एककात मोजतात. साधा कूलंट काही हजारांत जातो, तर खास कूलंट शंभराच्या आत राहावा अशी अपेक्षा असते.

सगळं ठीक असताना या फरकाने काहीच बिघडत नाही, कारण कूलंट ॲल्युमिनियमच्या बंद पट्ट्यांतून वाहतो आणि सेलना शिवतही नाही. प्रश्न गळतीनंतरचा आहे. खालून दगड बसला किंवा जोड सैल झाला आणि कूलंट बॅटरीच्या पेटीत उतरला, तर तो तीनशे-साडेतीनशे व्होल्टच्या उघड्या जोडण्यांवर पसरतो. वाहक द्रव असेल तर त्याचं विद्युत विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, तांबं-ॲल्युमिनियम झिजतं आणि शॉर्टसर्किटला वाट मिळते. खास कूलंटने गळती थांबत नाही, पण गाडीच्या यंत्रणेने इन्सुलेशनचा बिघाड ओळखून मुख्य रिले उघडून वीज तोडेपर्यंत वेळ मिळतो. त्याचं काम एवढंच.

आता टॉप-अपचा हिशोब करून बघू. समजा बॅटरीच्या सर्किटमध्ये 8 लिटर खास कूलंट आहे आणि त्याची वाहकता 50 आहे. पातळी खाली गेली म्हणून अर्धा लिटर साधा हिरवा कूलंट ओतला, त्याची वाहकता 3000 धरू. साडेसात लिटर गुणिले 50 म्हणजे 375, अर्धा लिटर गुणिले 3000 म्हणजे 1500. बेरजेला 8 ने भागलं की 234 येतात. एका टॉप-अपमध्ये शंभराची मर्यादा दुपटीने ओलांडली. त्याऐवजी अर्धा लिटर बोअरचं पाणी ओतलं असतं, समजा वाहकता 1000, तर हाच हिशोब 109 वर थांबतो. म्हणजे ‘पाण्यापेक्षा कूलंट बरा’ हा पेट्रोल गाडीतला शहाणपणा इथे उलटा पडतो. अर्थात बोअरचं पाणीही ओतायचं नाहीच. त्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला खातात आणि क्षारांचे थर बारीक नळ्यांत बसतात. घरच्या आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. (मिश्रणाची वाहकता काटेकोरपणे अशी सरासरीने येत नाही, पण अंदाजाला हा हिशोब पुरतो.)

ओळखायचं कसं? रंगावर मुळीच विसंबू नका. ह्युंदाईच्या गाड्यांत खास कूलंट निळा असतो, पण होंडाचा पेट्रोल गाड्यांसाठीचा साधा कूलंटही निळाच असतो. निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांमधलाही निळाच, आणि तोसुद्धा साधा. या जुन्या लीफची बॅटरी मुळात द्रवाने थंड होतच नाही, कूलंट फक्त मोटर आणि इन्व्हर्टरसाठी फिरतो, त्यामुळे तिला साधा चालतो. टेस्लाच्या गाड्या तर बॅटरीलाही जी-48 जातीचा ग्लायकॉल कूलंट वापरतात, जो पेट्रोल-डिझेल गाड्यांतही चालतो. म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीला खास कूलंट लागतो असंही नाही, आणि डब्यावर ‘ईव्ही कूलंट’ छापलंय म्हणून तो तुमच्या गाडीला चालेल असंही नाही. शब्द शेवटी मॅन्युअलचा.

सगळ्यात बोलकं उदाहरण ह्युंदाई कोनाचं. ही गाडी 2019 मध्ये भारतात आली. या एकाच मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दोन कूलंटसाठी दोन वेगळी वेळापत्रकं सापडतात. साधा असेल तर पहिला बदल 2,00,000 किलोमीटर किंवा 10 वर्षांनी, निळा खास असेल तर 60,000 किलोमीटर किंवा 3 वर्षांनी. महाग कूलंट लवकर का बदलायचा, असं वाटेल. कारण त्याचा गुण म्हणजे आयन नसणं, आणि तोच रोज थोडाथोडा कमी होतो. ॲल्युमिनियमचे भाग जोडताना वापरलेल्या फ्लक्सचे अवशेष, रबरी नळ्या, ग्लायकॉलचं स्वतःचं ऑक्सिडेशन, या सगळ्यांतून आयन कूलंटमध्ये उतरत राहतात. तीन वर्षांनी तो रंगाने तसाच निळाशार दिसतो, पण वाहकता चढलेली असते. जुनी कोना घेताना टाकीवरचं लेबल आणि सर्व्हिस नोंदी ताडून बघाव्यात, कारण मधल्या काळात कुणी काय भरलं हे नुसतं बघून कळत नाही.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर आरओवाल्याकडे असतो तसला टीडीएस पेन पुरतो. गाडी रात्रभर थंड झाल्यावर स्वच्छ सिरिंजने टाकीतून 50 मिली कूलंट काचेच्या पेल्यात घ्या. पेन आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुवा, मग बुडवा. पेनवरचा पीपीएमचा आकडा दुप्पट केला की वाहकतेचा ढोबळ अंदाज मिळतो. ताजा खास कूलंट दोन आकड्यांत राहतो, साधा असेल तर पेन हजाराच्या आसपास किंवा वर उडी मारतो. दोनशे-तीनशे दिसले तर भेसळ झालीय किंवा कूलंट थकलाय. तो पेन आणि पेला नंतर पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नका, इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

पण त्याआधी एक प्रश्न विचारायचा राहतो: पातळी खाली गेलीच का? पेट्रोल इंजिनचा कूलंट नव्वद अंशांवर, दाबाखाली फिरतो, वर्षा-दोन वर्षांत थोडा उडाला तर नवल नाही. बॅटरीचा कूलंट क्वचितच चाळिशीच्या फार वर जातो, तो उडून जायला कारणच नाही. नवीन भरल्यानंतर अडकलेली हवा निघून पातळी एकदा थोडी उतरते, तेवढं चालतं. त्यानंतर ती महिन्याला बोटभर उतरत असेल आणि जमिनीवर डाग नसेल, तर कूलंट पेटीच्या आत जात असण्याची शक्यता आहे. अशा वेळी टॉप-अप करत राहणं म्हणजे गळतीला खुराक घालणं. इन्सुलेशनचा इशारा आला असेल तर गाडी चालवू नका, चार्जिंगलाही लावू नका, टो करून न्या.

संपूर्ण कूलंट बदलणं मात्र घरी करायचं काम नाही. नळ्यांची वळणं इतकी असतात की हवा अडकतेच. वर्कशॉपमध्ये आधी निर्वात करून कूलंट ओढून घेतात, मग स्कॅनर जोडून इलेक्ट्रिक पंप फिरवून हवा काढतात. काम नीट झालं नसेल तर डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते आणि फास्ट चार्जिंगचा वेग पडतो.

गिअरबॉक्सचं तेल हा त्यामानाने सोपा विषय, पण दुकानदाराची चूक इथेही ठरलेली. कोनाच्या रिडक्शन गिअरमध्ये जेमतेम 1.0 ते 1.1 लिटर तेल असतं, 70डब्ल्यू, जीएल-4 दर्जाचं. दुकानात ‘गिअर ऑइल द्या’ म्हटलं की पुढ्यात येतो 80डब्ल्यू-90 जीएल-5 चा डबा. ते तेल दाट असतं, जोरात फिरणाऱ्या गिअरमध्ये घुसळून तापतं आणि रेंज खातं. शिवाय जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात, ती तांब्या-पितळेला सोसत नाहीत. ज्या गाड्यांत हेच तेल मोटरच्या तांब्याच्या गुंडाळीवरूनही फिरतं, तिथे अशी चूक फारच महागात पडते. जुन्या लीफला तर गिअर ऑइल लागतच नाही, तिच्यात निसानचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड जातं.

कोनाचं पहिलं तेल वीसेक हजार किलोमीटरवर काढलं तरी बऱ्याचदा काळंकुट्ट निघतं. नव्या गिअरची झीज त्यात उतरलेली असते, आणि गाळायला फिल्टर नसतो. वेळापत्रक कडक वापरातही 1,20,000 किलोमीटरचं आहे, पण पहिला बदल लवकर करून चुंबकी ड्रेन प्लग बसवणं शहाणपणाचं. काम करताना गाडी चारही बाजूंनी समतल उचला, आधी वरचा भरायचा प्लग सैल होतो का ते बघा, मगच खालचा उघडा. खालून तेल गेलं आणि वरचा प्लग जाम निघाला तर गाडी जागेवरच अडकते. भरण्याच्या भोकातून तेल ओघळायला लागलं की पातळी बरोबर आहे असं समजा, नवे वॉशर टाका आणि प्लग आवळा. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबल्सना हात लावायचं काम कुठेच येत नाही, लावूही नका.

मग पेट्रोल गाडीच्या सवयीतलं विकत घ्यायचं उरतं काय? दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, कारण ब्रेक कमी वापरले तरी ते हवेतली ओल शोषतच राहतं आणि आपल्या पावसाळ्यात ती भरपूर मिळते. केबिन फिल्टर, काच धुण्याचं पाणी, वायपर आणि 12 व्होल्टची बॅटरी. कूलंटचा कॅन घरात ठेवायचाच असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेला, आधीच पाणी मिसळलेला एक लिटर पुरे.

आणि एक तेल असं आहे जे तुम्ही स्वतः घेणार नाही, पण एसीवाला तुमच्या नकळत घालेल. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरची मोटर गॅस आणि तेलातच बुडालेली असते, म्हणून त्याला वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. पट्ट्यावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचं पीएजी तेल त्यात थोडंसं जरी मिसळलं तरी इन्सुलेशन घसरतं आणि गाडी हाय व्होल्टेज यंत्रणेचा बिघाड दाखवू लागते. गॅस भरायच्या मशीनच्या नळ्यांत आधीच्या गाडीचं पीएजी उरलेलं असतं, तेवढंही पुरतं. गॅस भरण्याआधी मशीन फ्लश केलंय का ते विचारा आणि तेलाचा डबा डोळ्यांनी बघा.