मुली कमी, मग हुंडा का घटत नाही?

मागच्या वैशाखात यावल तालुक्यातल्या एका गावी नात्यातल्या मुलीच्या बैठकीला गेलो होतो. मुलगा पाटबंधारे खात्यात नोकरीला. पोहे-चहा झाल्यावर वहीचं पान फाडून यादी लिहायला घेतली: सोनं किती तोळे, मानपानाचे कपडे किती, कार्यालय कोणाकडे, आणि शेवटी नुसताच एक आकडा, ज्याच्यापुढे काहीही लिहिलं नव्हतं. त्या आकड्यावर पाऊण तास गेला. मुलीचे वडील दोनदा उठून ओसरीवर जाऊन आले.

त्याच गल्लीत, चार घरं सोडून, तिशी ओलांडलेला एक मुलगा आहे. सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि ज्वारी. चार वर्षं झाली, स्थळ येत नाही. त्याचे वडील म्हणतात, हुंडा नको, लग्नाचा सगळा खर्च आमचा, अंगावर चार दागिनेही घालू, फक्त मुलगी द्या.

एकाच गल्लीत या दोन गोष्टी कशा? २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ८८० होत्या. जी गोष्ट कमी तिचा भाव चढतो, हे तर बाजारात केळी विकणाऱ्यालाही कळतं. मग मुली कमी झाल्यावर हुंडा संपायला हवा होता.

लग्नाकडे बाजार म्हणून बघायची अर्थशास्त्रीय मांडणी गॅरी बेकर यांनी १९७३ मध्ये केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन्ही बाजूंना संसारातून काहीतरी लाभ होतो आणि तो कोणाच्या वाट्याला किती यावा हे कोणाला पर्याय जास्त आहेत त्यावर ठरतं. वाटणीत फरक पडला तर तो पैशांनी भरून निघतो. आपल्या गल्लीला हे लावून बघू. आकडे समजण्यापुरते, मी धरलेले आहेत.

लग्नाची मुलं १०. दोघांना पक्की नोकरी, तिघांचं बागायत, पाचांचं कोरडवाहू. मुली ८. सोयीसाठी सगळ्या मुलींची घरं सारखी मानू. मुलीच्या बापाच्या मनात कोरडवाहूपेक्षा बागायतीचं स्थळ ८ लाखांनी सरस आहे आणि नोकरीचं २० लाखांनी. वरच्या पाच स्थळी पाच मुली गेल्या. उरल्या ३ मुली आणि कोरडवाहू मुलं ५. दोघं बिनलग्नाचे राहणारच, म्हणून ही पाचही घरं एकमेकांवर चढाओढ करतात. आधी हुंडा सोडतात, मग लग्नखर्च उचलतात, मग दागिने. समजा, ३ लाख हे त्यांच्या ऐपतीचं टोक. म्हणजे इथे पैसा उलटा वाहतो, मुलीकडे ३ लाख जातात.

आता बागायतदाराला किती मागता येईल? त्याने ५ लाखांपेक्षा जास्त मागितलं, तर मुलीचा बाप म्हणेल, त्यापेक्षा कोरडवाहूला देतो, तिथे उलट ३ लाख मिळतात. ५ आणि ३ मिळून ८, म्हणजे दोन स्थळांतला फरक तेवढाच. याच हिशेबाने नोकरीवाल्याला १७ लाख मिळतात.

मुली ८ ऐवजी १२ असत्या तर? मग दोन मुलींचं लग्न रखडलं असतं, चढाओढ मुलीकडच्यांची झाली असती, आणि सगळ्यात खालच्या स्थळालाही बापांनी ऐपतीइतके, समजा ४ लाख दिले असते. त्यावर बागायतीचे १२ आणि नोकरीचे २४. मुली घटल्यामुळे प्रत्येक पायरीवर ७ लाख उतरले, हे खरं. पण ते सगळीकडे सारखेच उतरले. पायऱ्यांमधलं अंतर तसंच राहिलं.

माझ्या मते खानदेशातलं कोडं इथेच सुटतं. मुलींची टंचाई अख्खा जिना खाली नेते, पायऱ्या सपाट करत नाही. उलट पायऱ्या उंच झाल्या आहेत. कापसाचा भाव आणि पाऊस दोन्ही बेभरवशाचे, मुली आता जळगाव-धुळ्याला जाऊन पदवी घेतात, आणि स्थळ सांगितलं की पहिला प्रश्न येतो तो अहिराणीत, "पोऱ्या काय करस?" जमीन किती, हे नंतर. नोकरी आणि कोरडवाहू यांच्यातलं मनातलं अंतर पूर्वी समजा ८ लाख होतं आणि ते २० वर गेलं, तर टंचाईने उतरवलेले ७ लाख केव्हाच भरून निघतात. शिवाय सोयरीक जातीत, पोटजातीत आणि बघण्यातल्या गावांतच होते. एवढ्याशा वर्तुळात नोकरीची मुलं दोनच निघाली, तर बाहेर शंभर असून उपयोग नाही.

अर्थात हिशेबाला मर्यादा आहेत. पूर्वी असं सांगितलं जाई, की लोकसंख्या वाढताना आणि नवरा चार-पाच वर्षांनी मोठा असताना लग्नाच्या मुली जास्त आणि मुलं कमी पडतात, म्हणून हुंडा वाढला. विजयेंद्र राव यांनी १९९३ मध्ये दख्खनच्या गावांतली आकडेवारी घेऊन ही बाजू मांडली. सिवान अँडरसन यांनी पुढे दाखवलं, की अशा वेळी मुलींची लग्नं लांबतात, वयातलं अंतर कमी होतं, त्यामुळे एवढ्या एका कारणाने हुंडा वर्षानुवर्षं वाढत राहू शकत नाही. त्यांचा भर जातीच्या आतल्या वाढत्या आर्थिक विषमतेवर आहे. आपल्या गल्लीत मला तेच दिसतं.

सरासरीही फसवते. १९६० ते २००८ मधल्या ४० हजार ग्रामीण लग्नांचा अभ्यास जागतिक बँकेच्या संशोधकांनी केला. ९५ टक्के लग्नांत हुंडा होता आणि महागाई वजा केली तर त्याची सरासरी बरीचशी स्थिर होती. पण सरासरीत १७ लाख घेणारा आणि ३ लाख देणारा एकत्र मिसळतात. खालच्या पायरीचा पैसा तर बऱ्याचदा नात्यात फिरतच नाही, तो दलालाकडे जातो. लांबच्या जिल्ह्यातून मुलगी आणून देतो म्हणून पैसे घेतले, आणि आठवड्यात नवरी दागिन्यांसह गेली, अशा तक्रारी इकडे ऐकू येतात.

नंदुरबारकडे सातपुड्यात चढलं, की भिल्ल-पावरा समाजात देज आहे, मुलाकडून मुलीच्या बापाला. एस्टर बोझरप यांनी १९७० मध्ये याचं एक कारण दिलं: जिथे शेत बाईच्या हातांवर चालतं तिथे बापाचं कामाचं माणूस जातं, म्हणून भरपाई, जिथे नांगर पुरुषाचा आणि बाईचं काम घरात गणलं जातं तिथे हुंडा. खाली तापीकाठी निंदणी-वेचणी बायाच करतात, तरी त्यांची मजुरी हिशेबात धरली जात नाही. म्हणून हे कारण मला अर्धंच पटतं.

आता त्या यादीतल्या आकड्याकडे. काही समाजशास्त्रज्ञ हुंड्याला मुलीचा आगाऊ वारसाहक्क मानतात. ते तपासायचं सोपं आहे: पैसा कोणाच्या ताब्यात राहतो ते बघावं. तैवानमधल्या कुटुंबांच्या अभ्यासात हुंडा बायकोच्या हाती राहिला तेव्हा घरात तिचा शब्द वाढलेला दिसला. कर्नाटकातल्या तीन गावांत फ्रान्सिस ब्लॉक आणि विजयेंद्र राव यांना उलट दिसलं. माहेर श्रीमंत असेल तर मारहाण जास्त, कारण मार हा माहेरून आणखी काढायचा मार्ग होता. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने हुंडा देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे, आणि तरीही दुसऱ्या कोणी तो घेतला असेल तर तीन महिन्यांत बाईच्या नावे करायचं बंधन आहे.

बैठक उठल्यावर यादीचं पान मी हातात घेऊन पाहिलं. सासूची साडी होती, मामांचा फेटा होता, नवरदेवाचा सूट होता. मुलीच्या नावाच्या खात्याबद्दल एक ओळ घाला, असं मी तिच्या वडिलांना हळूच सुचवलं. ते म्हणाले, "आता नको, बोलणी मोडतील."