पीनट बटरवर तेल तरंगतंय? बरणी फेकू नका, लेबल वाचा

पीनट बटरची बरणी उघडली आणि वर तेलाचा थर दिसला की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणजे माल खराब झालाय, आणि दुसरी म्हणजे कंपनीने वरून स्वस्त तेल ओतलंय. नुसत्या थरावरून यातलं काहीच ठरत नाही, उलट बऱ्याचदा ज्या बरणीत शेंगदाण्याशिवाय फारसं काही नसतं तिच्यातच तेल वर येतं.

शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मं तेलच असतं. दाणे भाजून दळले की पेशी फुटतात, तेल मोकळं होतं आणि प्रोटीन, स्टार्च वगैरेंचे बारीक कण त्या तेलात पसरतात. कण तेलापेक्षा जड, म्हणून ते हळूहळू खाली बसतात आणि तेल वर सरकतं, बास, एवढंच. दळण जाडसर असेल तर हे लवकर होतं. यात पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे जंतूंना वाढायला वाव मिळत नाही (ओला चमचा घातला तर गोष्ट वेगळी). ते तेल ओतून टाकू नका, खाली राहिलेला गोळा इतका घट्ट होतो की चमचा वाकेल. तळापासून ढवळा आणि मग फ्रिजमध्ये ठेवा, थंडीत तेल दाट होतं म्हणून कण खाली बसायला खूप वेळ लागतो. खराब झालंय का हे नाकाला विचारा: जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आणि कडवट चव आली असेल तर तेल खवट झालंय, मग ते वर असो की मिसळलेलं.

मग काही बरण्यांत महिनोन्महिने तेल वर का येत नाही? मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं. त्याच्या साखळीत 18 कार्बन आणि मध्ये एक दुहेरी बंध, आणि त्या बंधापाशी साखळी वाकते. वाकड्या साखळ्या एकमेकींना चिकटून नीट बसत नाहीत, म्हणून ओलेइक आम्ल साधारण 14 अंशालाच वितळतं. आता त्या बंधावर हायड्रोजन जोडला की साखळी सरळ होते. कार्बन तेवढेच 18, पण आता ते स्टीअरिक आम्ल झालं आणि त्याचा वितळणबिंदू थेट 69 अंशांच्या आसपास! असं पूर्ण हायड्रोजनेट केलेलं फॅट गरम पीनट बटरमध्ये एक-दोन टक्के घालून ते झटकन थंड करतात, मग त्याचे अतिबारीक स्फटिक एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं, आणि स्पंजमध्ये पाणी अडकावं तसं बाकीचं द्रव तेल त्यात अडकून बसतं.

हायड्रोजन अर्धवट जोडला तर मात्र उरलेल्या काही बंधांची रचना फिरते आणि ट्रान्स फॅट तयार होतं, जे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. पूर्ण हायड्रोजनेटेडमध्ये ते जवळपास नसतं, जे असतं ते सॅच्युरेटेड फॅट. म्हणून लेबलवर 'अंशतः' शब्द दिसला की बरणी परत ठेवा. नुसतं 'हायड्रोजनेटेड' लिहिलं असेल तर ट्रान्स फॅटची ओळ बघा, पण काही देशांत एका सर्व्हिंगमधलं थोडंसं प्रमाण शून्य म्हणून छापायला परवानगी असते हे लक्षात ठेवा. आणि समोर मोठ्या अक्षरांत 'नॅचरल' लिहिलंय म्हणून भुलू नका, तिथे हायड्रोजनेटेडच्या जागी बऱ्याचदा पाम तेल असतं, तेही तेल वर येऊ नये म्हणूनच.

आता एक लेबल धरू: शेंगदाणे 88%, साखर 9%, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल 2%, मीठ 1%. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. खाली पोषणाच्या तक्त्यात 100 ग्रॅममागे एकूण साखर 13 ग्रॅम दिसते. ही सगळी वरून घातलेली नाही, कारण शेंगदाण्यात स्वतःचीच चार-पाच टक्के साखर असते, म्हणजे 88 ग्रॅम दाण्यांची साधारण 4 आणि वरून घातलेली 9. दोन चमचे म्हणजे 30 ग्रॅम खाल्लं तर वरची साखर 2.7 ग्रॅम, अर्ध्या चहाच्या चमच्यापेक्षा थोडी जास्त. हे काही विष नाही, पण तुम्ही दाण्यांचे पैसे देऊन साखर घेताय एवढं कळतं. नुसत्या दाण्यांच्या बरणीत एकूण साखर पाचच्या आसपास असायला हवी, समोर 'साखर नाही' लिहिलंय आणि तक्त्यात दहा दिसली तर घटकांत मध, डेक्सट्रोज, ग्लुकोज सिरप असलं काही सापडतंय का बघा.

'लो फॅट' वाल्याचं लेबल तर आवर्जून वाचा. तेल कमी करायचं म्हणजे दाणे कमी करायचे, आणि ती जागा माल्टोडेक्स्ट्रिन आणि साखरेने भरायची, त्यामुळे कॅलरीचा आकडा बऱ्याचदा जवळपास तेवढाच राहतो.