कूपनावर कूपन लावलं की टोटल का चुकते, त्यामागची गोष्ट

दोन कूपनं एकत्र लावली की बिल चुकतं, हा कोडचा प्रॉब्लेम वाटतो, पण मूळ कागदी कूपनांत आहे. अमेरिकेत १८८७ च्या सुमारास कोका-कोलाने एक ग्लास फुकट देणारी कूपनं वाटली, मग इतर कंपन्यांनीही तेच सुरू केलं आणि हळूहळू दोन जाती पडल्या. एक मालाच्या कंपनीचं कूपन, म्हणजे दुकानदार गिऱ्हाईकाकडून तेवढे कमी घेणार आणि ती रक्कम नंतर कंपनीकडून वसूल करणार. दुसरं दुकानाचं स्वतःचं, ते पैसे दुकानाच्याच खिशातून जाणार. 'स्टॅकिंग' हा शब्द तिथेच रुळला, एका वस्तूवर एक कंपनीचं आणि एक दुकानाचं कूपन लावायचं. दोन्हीचे पैसे वेगवेगळे लोक भरतात म्हणून ते चालायचं, आणि एकाच कंपनीची दोन कूपनं एका वस्तूवर सहसा चालत नसत.

टॅक्समध्येही हा फरक दिसतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत दुकानाच्या कूपनाने टॅक्सची रक्कम कमी होते पण कंपनीच्या कूपनाने होत नाही, कारण दुकानाला शेवटी पूर्ण किंमत मिळतेच. म्हणजे एक कूपन खरी सूट होती आणि दुसरं पैसे भरायची एक पद्धत.

मग वेब आलं. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुलीने कुकी आणली, कार्टमध्ये काय आहे ते एका पानावरून दुसऱ्यावर जाताना लक्षात राहावं हीच तिच्यामागची एक गरज होती. कार्ट लक्षात राहायला लागली, पण कूपनाचा कागद जाऊन उरला फक्त एक कोड टाकायचा बॉक्स, आणि त्या कोडला पैसे कोण भरतंय ही माहिती कुठे लिहिलेली नसते. माझ्या मते स्टॅकिंगचे निम्मे घोळ इथूनच सुरू झाले, कारण प्रोग्रामरने कूपनांची यादी घेतली आणि ती ज्या क्रमाने टाकली त्याच क्रमाने लावली.

क्रमाने काय होतं ते बघा. कार्ट १००० ची आहे, एक कूपन २०% चं आणि एक सरळ १०० कमी करणारं. आधी टक्के लावले तर १००० चे ८००, मग १०० वजा, ७००. आधी १०० वजा केले तर ९००, त्यावर २०% सूट, म्हणजे ७२०. कूपनं तीच आणि फरक २० चा, म्हणजे बरोब्बर १०० चे २०%, कारण दुसऱ्या वेळी त्या १०० वर टक्क्यांची सूट मिळालीच नाही. दोन टक्केवाल्या कूपनांत मात्र (राउंडिंग सोडलं तर) क्रमाने काही बदलत नाही, १०% आणि २० % कसेही लावा ७२० च येणार, पण काही सिस्टिम्स बेरीज करून ३०% धरतात आणि ७०० दाखवतात. दोन्ही नियम चालतात, फक्त कुठला ते आधी ठरलेलं पाहिजे, आणि गिऱ्हाईकाने कूपन आधी टाकलं की नंतर यावर टोटल बदलता कामा नये. चेक करायला सोपं आहे, तीच कूपनं उलट क्रमाने टाकून बघा, आकडा बदलला तर नियमच नाहीये.

गिफ्ट कार्ड हे आजचं 'पैसे भरायची पद्धत' वालं कूपन आहे, ते टॅक्स लागल्यावर टोटलमधून वजा व्हायला हवं, पण कोणी सूट म्हणून आधीच वजा केलं तर टॅक्स कमी लागतो आणि हिशोब जुळत नाही.

आता राउंडिंग. जावास्क्रिप्टमध्ये साधे आकडे १९९५ पासून बायनरी फ्लोटिंग पॉइंट आहेत, त्यात बरेचसे दशांश अचूक बसत नाहीत. १०.०५ चे १०% म्हणजे १.००५, ते दोन दशांशांत १.०१ व्हायला हवं, पण:

```
Math.round(1.005 * 100)   // 100
```

१०१ नाही आलं. कोबोलसारख्या धंद्यासाठीच्या भाषांत १९५९-६० पासून दशांश आकडे होते, पण वेबवाल्यांना ते आपोआप मिळाले नाहीत. म्हणून रक्कम सगळ्यात लहान एककात, पूर्णांकात ठेवायची आणि राउंड कुठे करायचं ते एकदाच ठरवायचं.

पण खरी कसोटी रिफंडला लागते. १०.०० च्या तीन वस्तू आहेत आणि १०.०० चं कूपन लावलं. प्रत्येकीच्या वाट्याला ३.३३ येतात, बेरीज ९.९९, एक पैसा सुट्टा राहिला. तो हरवू द्यायचा नाही, म्हणून १०.०० चे १००० पैसे धरून त्यांना ३ ने भागून जो १ उरतो तो बिलातल्या एका ओळीला द्यायचा, वाटणी ३३४, ३३३, ३३३. वस्तू वेगवेगळ्या किमतीच्या असतील तर ज्या ओळीचा उरलेला अपूर्णांक सगळ्यात मोठा तिला आधी. ही वाटणी ऑर्डरसोबत सेव्ह करायची, नाहीतर पहिली वस्तू परत आली की रिफंडचा आकडा नव्याने काढावा लागतो, आणि तोपर्यंत कूपनाची मुदत संपलेली असली तर तो वेगळाच निघतो.