स्कॅन नॉर्मल, म्हणूनच घाई

“डॉक्टर, स्कॅन नॉर्मल आलाय म्हणे. म्हणजे आता घाबरण्यासारखं काही नाही ना?” पक्षाघाताच्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला की खोलीबाहेर हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. विचारणाऱ्याचा जीव नुकता कुठे भांड्यात पडलेला असतो, आणि मला नेमकं उलट सांगावं लागतं: काकू, स्कॅन स्वच्छ आहे म्हणूनच आता एक मिनिटही घालवायचं नाही.

असाच एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. वय ६४. सकाळी ७:१० ला चहाचा कप उजव्या हातातून निसटला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. ८:२० ला रुग्णालयात, ८:३५ ला स्कॅन. मेंदूच्या डाव्या बाजूला काहीतरी झालंय, एवढं लक्षणांवरून कळतं. पण रक्तवाहिनी फुटली की तुंबली, हे नुसतं रुग्णाकडे बघून खात्रीनं सांगता येत नाही. आणि एकाला तारणारं औषध दुसऱ्याचा जीव घेऊ शकतं.

सीटीमधला करडा रंग म्हणजे घनतेचं मोजमाप: घनता जास्त तितकं पांढरं, कमी तितकं काळं. पाणी शून्यावर, मेंदू साधारण ३० ते ४० वर, ताजं साकळलेलं रक्त ५० ते ८० च्या घरात. गुठळी होताना पातळ द्रव बाहेर पडतो आणि हिमोग्लोबिन दाटीवाटीनं उरतं, म्हणून ते पांढरं दिसतं. (लोहामुळे पांढरं दिसतं असं अनेकांना वाटतं; खरं काम प्रथिनांच्या दाटीचं आहे.) त्यामुळे मेंदूत मोठा रक्तस्राव झाला असेल, तर तो पहिल्याच स्कॅनमध्ये उठून दिसतो.

वाहिनी तुंबली की गोष्ट वेगळी. रक्त यायचं थांबलं तरी मेंदूचा तो भाग जागच्या जागीच असतो. पेशी उपाशी पडतात, मग हळूहळू त्यांत पाणी शिरतं. पाणी एक टक्का वाढलं की घनता जेमतेम दोन-तीन अंकांनी उतरते. एवढासा फरक डोळ्यांना दिसायला कित्येक तास लागतात.

म्हणून मी पडद्यावर करड्या छटांचा पट्टा अरुंद करतो आणि ठरावीक जागा दोन्ही बाजूंना ताडून बघतो. चित्रात उजवीकडे दिसते ती रुग्णाची डावी बाजू. कानाच्या वरच्या भागात, आत दुमडलेली मेंदूच्या सालीची एक बारीक पट्टी असते. या रुग्णात ती एका बाजूला रेखीव आहे, दुसऱ्या बाजूला ओल्या बोटानं पुसल्यासारखी. खाली त्याच बाजूच्या मुख्य धमनीत एक पांढरा धागा दिसतो: अडकलेली गुठळी. बाहेर सांडलेलं रक्त कुठेही नाही, काळा पडलेला पट्टाही नाही. म्हणजे बराचसा मेंदू अजून वाचण्यासारखा आहे. गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यायचं, म्हणजे ११:४० पर्यंत. पण तोवर थांबायचं नसतं, कारण दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. औषध सुरू करून लगेच नळी घालून गुठळी बाहेर काढायची तयारी करायची.

हाच रुग्ण संध्याकाळी आला असता, तर स्कॅनमध्ये कदाचित मोठा काळा भाग दिसला असता. नातेवाइकांना ते चित्र जास्त भयंकर वाटतं, पण तिथे वाचवण्यासारखं फार कमी उरलेलं असतं, आणि औषध दिलं तर त्या मेलेल्या भागातच रक्तस्राव होण्याची भीती असते.

आणि पांढरा डाग दिसला असता तर? मग ते औषध पूर्ण वर्ज्य. घाई तेवढीच, फक्त दिशा वेगळी. पहिल्या काही तासांत हा डाग वाढू शकतो, म्हणून वरचा रक्तदाब १४० च्या आसपास आणायचा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा उतारा द्यायचा, आणि काही तासांनी पुन्हा स्कॅन.

मात्र पांढरेपणावर कायमचा भरवसा ठेवता येत नाही. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये साठलेलं रक्त दोन-तीन आठवड्यांत फिकट होत मेंदूच्याच रंगाचं होतं, पुढे त्याहूनही काळं. मधल्या काळात ते लपून बसतं. एका बाजूलाच असेल तर मेंदूची मधली रेषा सरकते आणि चोरी पकडली जाते. दोन्ही बाजूंना सारखं साठलं तर रेषा मधोमधच राहते. न्हाणीघरात पडलेल्या, आता पंधरवड्यानं गुंगीत असलेल्या ७८ वर्षांच्या आजींचा स्कॅन असा येऊ शकतो: डाग नाही, रेषा सरळ. पण या वयात मेंदू आकसून घड्या रुंद झालेल्या असतात. आजींच्या स्कॅनमध्ये एकही घडी उघडी दिसत नाही, सगळा मेंदू विशीतल्या मुलीसारखा गच्च भरलेला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लपलेल्या रक्तानं दाबलेला. असं दिसलं की मी अहवाल टाइप करायच्या आधी न्यूरोसर्जनना फोन लावतो.